शिस्तभंगाच्या चौकशीत कामगाराने सोबत कोणाला न्यावे?

शिरोलीकर
माझा धाकटा भाऊ एका फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल साफ करण्याच्या विभागात, अकरा वर्षे काम करतो. सुपरवायझरला धक्का मारल्याच्या आरोपावरून त्याला सप्टेंबर 2025 मध्ये आरोपपत्र मिळाले आणि आता चौकशी सुरू झाली आहे. त्याने पॅटर्न शॉपमधला विश्वासू मित्र सोबत बसू द्यावा अशी विनंती केली, तेव्हा चौकशी अधिकाऱ्यांनी तोंडी सांगितले की, तुमच्याच विभागातला माणूस आणा. फेटलिंगमधले सगळे त्याच सुपरवायझरच्या हाताखाली आहेत, त्यामुळे कोणी पुढे येत नाही. कामगाराला आपल्या भरवशाचा कोणीही माणूस आणता यायला नको का? आपली मते हवी आहेत.

पंचगंगाकाठ
यायलाच हवा, आणि माझ्या समजुतीप्रमाणे आजही येतो. आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी देणे हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व आहे. त्यात मित्र आला, युनियनचा माणूस आला आणि वकीलही आला. चौकशी अधिकाऱ्यांनी नकार दिला असेल तर पुढची सगळी चौकशी रद्दबातल ठरेल आणि भावाला मागच्या पगारासह कामावर घ्यावे लागेल. फार काळजी करू नका.

गोकुळ शिरगाव उद्योजक
मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण माझ्या कारखान्यात मी चार चौकश्या पाहिल्या आहेत. चौकशी म्हणजे एका विशिष्ट दिवशी काय घडले, एवढ्याच प्रश्नाचा शोध असतो. सोबत येणारा माणूस बाहेरचा असला की तो त्या दिवसाबद्दल बोलतच नाही, तर बोनसबद्दल, ओव्हरटाइमबद्दल आणि मागच्या कराराबद्दल बोलतो. एका प्रकरणात अकरा तारखा पडल्या आणि त्यांतल्या पाच तारखांना प्रतिनिधी दुसऱ्या कारखान्यात गुंतले होते म्हणून काम तहकूब करावे लागले. तेवढा काळ तक्रारदार चार्जहँड आणि दोन साक्षीदार काम सोडून बसून राहत होते. त्याच विभागातल्या माणसाला मशीन, जागा आणि माणसे माहीत असतात, म्हणून तोच योग्य, असे मला मनापासून वाटते.

निवृत्त बचाव प्रतिनिधी
कामगार संघटनेचा पदाधिकारी म्हणून सव्वीस वर्षे मी अशा चौकश्यांत आरोपी कामगाराच्या बाजूला बसलो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पंचगंगाकाठ यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. बाजू मांडण्याची संधी हा नैसर्गिक न्यायाचा भाग आहे, परंतु प्रतिनिधीमार्फत मांडण्याची मोकळीक त्यात आपोआप येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1960 साली हे स्पष्ट केले, 1992 साली आपल्याच राज्यातल्या क्रेसेंट डाइजच्या प्रकरणात आणि 1998 साली भारत पेट्रोलियमच्या प्रकरणात पुन्हा तेच सांगितले. प्रतिनिधी किती आणि कोण, हे कायदा किंवा स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या शर्तींचे नियम, ठरवतील तेवढेच. वकिलाचा प्रश्न मुख्यतः तेव्हा उभा राहतो, जेव्हा व्यवस्थापनाच्या बाजूने कायदा शिकलेला माणूस बसलेला असतो आणि कामगार एकटा असतो. मुंबई पोर्टच्या 1982 च्या निकालात नेमके हेच घडले होते. म्हणून शिरोलीकरांनी आधी व्यवस्थापन प्रतिनिधीचे शिक्षण विचारून घ्यावे.

महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांतील 25 व्या आदेशाच्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे कामगाराला स्वतः बचाव करता येतो, नाहीतर आपल्याच विभागात काम करणारा कामगार किंवा आपण सभासद असलेल्या संघटनेचा पदाधिकारी यांच्यामार्फत तो करता येतो. पॅटर्न शॉपमधला मित्र या दोन्हींत बसत नाही, म्हणून मित्राला दिलेला नकार नियमाबाहेरचा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु 'विभागातलाच आणा' एवढेच सांगून थांबणे हे अर्धे सांगणे झाले, कारण दुसरा पर्याय त्याच वाक्यात लिहिलेला आहे. शिवाय 1971 च्या आपल्या राज्याच्या कामगार संघटना मान्यतेच्या कायद्याने मान्यताप्राप्त संघटनेला आणि कलम 22 प्रमाणे मान्यता नसलेल्या संघटनेलाही आपल्या सभासदासाठी घरगुती, म्हणजे मालकाने घेतलेल्या, चौकशीत उभे राहण्याचा अधिकार दिला आहे.

विभागाची ही अट मला मनापासून अन्यायाची वाटते. लहान फौंड्रीत एका विभागात पंधरा-वीस माणसे असतात आणि आरोप करणारा साहेबच त्यांची पाळी, ओव्हरटाइम आणि रजा ठरवतो. कायदा ज्याच्याकडे बोट दाखवतो, त्याच माणसाला घाबरण्याचे सर्वांत जास्त कारण असते.

आता सोबतच्या माणसाचे काम काय असते ते एका प्रकरणावरून सांगतो, कारण अनेकांना वाटते की तो केवळ धीर देण्यासाठी असतो. एका कारखान्यात दुसऱ्या पाळीत मोल्डिंगच्या कामगाराने साहेबांची कॉलर धरल्याचा आरोप होता. पहिल्या तारखेला कामगार एकटा होता. साहेबांची साक्ष झाली आणि अधिकारी म्हणाले, 'विचारा प्रश्न.' तो म्हणाला, 'हे सगळे खोटे आहे, मी असे केलेच नाही.' हा प्रश्न नाही, म्हणून रोजनाम्यात लिहिले गेले की 'आरोपी कामगारास उलटतपास घ्यावयाचा नाही', आणि त्याने खाली सही केली. त्या सहीनंतर कागदावर साहेबांची साक्ष जशीच्या तशी उभी राहिली.

दुसऱ्या तारखेला मी गेलो आणि साक्षीदारास पुन्हा बोलावण्याचा लेखी अर्ज दिला. तो मंजूर झाल्यावर मी फार मोठे प्रश्न विचारले नाहीत. घटना किती वाजता घडली, आपण कोठे उभे होता, जवळ कोण होते, तक्रार कधी लिहिली, कोणाकडे दिली, एवढेच विचारले. साहेबांनी रात्री पावणेअकराची वेळ सांगितली आणि दोन माणसांची नावे घेतली. हजेरीच्या नोंदीप्रमाणे त्यांतला एक जण त्या रात्री रजेवर होता, आणि तक्रारीवरची तारीख घटनेच्या तीन दिवसांनंतरची होती. कॉलर धरली की नाही, हे मला आजही माहीत नाही. पण कामावरून काढण्याइतका पुरावा कागदावर उरला नाही आणि चार दिवसांच्या निलंबनाच्या शिक्षेवर प्रकरण संपले. असे प्रश्न घाबरलेल्या माणसाला सुचत नाहीत, यात त्याचा दोष नाही.

शेवटी पंचगंगाकाठ यांच्या आश्वासनाबद्दल. प्रतिनिधी नाकारणे चुकीचे असले तरी माणूस आपोआप कामावर येत नाही. कामगार न्यायालय आधी चौकशी योग्य आणि न्याय्य होती का हा मुद्दा ठरवते. ती सदोष ठरली आणि मालकाने वेळेवर मागणी केली असेल, तर मालकाला तोच आरोप न्यायालयात पुराव्याने नव्याने सिद्ध करण्याची संधी मिळते. त्यात वर्षे जातात. दुसरीकडे चौकशी मध्येच थांबवायला न्यायालये सहसा तयार होत नाहीत. म्हणून आज हातात असलेली गोष्ट एकच आहे: मागणी लेखी द्या, तिची पोच घ्या, आणि अधिकाऱ्यांनी तोंडी दिलेला नकार त्याच दिवशी रोजनाम्यात लिहून घ्या. ते लिहीत नसतील तर भावाने सही करताना 'प्रतिनिधी नाकारल्याबद्दल हरकत' एवढे शब्द हाताने लिहावेत. नकाराची नोंदच नसेल तर तो झाला होता हे पुढे सिद्ध करणे फार अवघड जाते.

कागलच्या शिक्षिका
आमच्या शाळेत असे प्रकरण झाले होते आणि तेथे प्रतिनिधीची अडचण आलीच नाही. खासगी शाळांच्या 1981 च्या नियमावलीत तीन जणांची चौकशी समिती असते आणि तिच्यातला एक सदस्य आरोप झालेला कर्मचारीच सुचवतो. आमच्या सहकारी बाईंनी दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांचे नाव दिले आणि ते समितीत बसले. कारखान्यातही भावाने समितीवर आपला सदस्य मागावा, असे मला वाटते.

निवृत्त बचाव प्रतिनिधी
बाई, आपल्याकडची ती सोय चांगली आहे, परंतु ती वेगळी आहे. आपल्या बाईंनी सुचवलेले सदस्य निर्णय देणाऱ्यांत होते, त्यांची बाजू लढवणाऱ्यांत नव्हते. कारखान्यात चौकशी अधिकारी एकच असतो आणि त्याला मालकच नेमतो, म्हणून बाजूला बसणारा माणूस अधिक लागतो.

गोकुळ शिरगाव उद्योजक
उलटतपासाचे उदाहरण मला पटले आणि रजेवरच्या माणसाचे नाव साक्षीत येणे ही तक्रारदाराचीच चूक होती. तरीही दोन गोष्टी राहतात. एक म्हणजे विलंब. दुसरी अशी की, विभागातला माणूस घाबरतो म्हणून दार सगळ्यांना उघडे केले तर उद्या कोणीही येऊन बसेल आणि चौकशीतले जबाब गावभर होतील. आमच्याकडे स्त्री कामगाराची तक्रार होती, तेव्हा मला ही भीती प्रत्यक्ष वाटली होती. शिवाय 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे आणि तिच्यातले स्थायी आदेशांचे प्रकरण तीनशे किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागते. शिरोलीकरांच्या भावाची फौंड्री एवढी मोठी आहे का?

निवृत्त बचाव प्रतिनिधी
गुप्ततेची काळजी रास्त आहे. प्रतिनिधीकडून तसे लेखी घ्यावे, त्याला माझी हरकत नाही. पण विलंबाचा फायदा कामगाराला होतो हे मला मान्य नाही. निलंबित माणसाला पहिले नव्वद दिवस निम्माच निर्वाह भत्ता मिळतो. पुढे तो पाऊणपट होतो, तोसुद्धा उशीर त्याच्यामुळे झालेला नसेल तरच. तारखा चुकवणारा प्रतिनिधी सर्वांत आधी आपल्याच माणसाच्या घरची चूल मंद करतो, आणि असे पदाधिकारी आहेत हे मी नाकारत नाही. दोन तहकुबींनंतर दुसरा माणूस आणा असे अधिकाऱ्यांनी सांगितले तर मी त्यांच्याच बाजूने बोलेन.

संहितेचा मुद्दा खरा आहे. आरोपपत्र तिच्या आधीचे आहे, म्हणून जुनेच आदेश लागू आहेत असे आपण म्हणावे, असे माझे मत आहे. 1971 चा राज्याचा कायदा त्या संहितेने रद्द केलेला नाही, म्हणून कलम 22 चा आधार मी आधी घेईन. लहान कारखान्यांत यापुढे काय होईल यावर वाद होणार हे उघड आहे.

शिरोलीकर
काका, फार उपयोग झाला. फौंड्रीत दीडशेच्या आसपास माणसे आहेत. व्यवस्थापन प्रतिनिधी एचआरचे आहेत आणि एलएलबी झालेले आहेत, असे भावाने आजच विचारून सांगितले. एक अडचण आहे. भाऊ कोणत्याच संघटनेत नव्हता, त्याने मागच्या आठवड्यात पावती फाडली. आरोपपत्रानंतरचा सभासद चालेल का?

गोकुळ शिरगाव उद्योजक
मी व्यवस्थापनात असतो तर हरकत घेतली असती. चौकशीपुरता सभासद होणे म्हणजे नियमाचा हेतू बाजूला ठेवणे होय.

निवृत्त बचाव प्रतिनिधी
'सभासद असलेल्या संघटनेचा' एवढेच शब्द आहेत, कधीपासून हे लिहिलेले नाही. मी अशा हरकती फेटाळलेल्याही पाहिल्या आहेत आणि मान्य झालेल्याही. म्हणून दोन्ही अर्ज एकाच वेळी द्या: संघटनेच्या पदाधिकाऱ्यासाठी एक, आणि समोर कायद्याचे पदवीधर असल्याने वकिलाची परवानगी मागणारा दुसरा. दुसरा मंजूर होईलच असे नाही, पण नाकारताना कारण लिहावे लागेल. पहिल्या तारखेला साक्ष झाली असेल तर साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा तिसरा अर्जही तयार ठेवा.

शिरोलीकर
पहिल्या तारखेला सुपरवायझरची साक्ष झाली आहे आणि 'प्रश्न विचारायचे नाहीत' असे लिहून भावाची सही घेतली आहे. मंगळवारी पुढची तारीख आहे. तिन्ही अर्ज आज रात्री लिहून काढतो आणि उद्या टाइमकीपरकडे पोच घेऊन देतो.