मदत हवी आहे: वडिलांचे हृदय विषाणूमुळे फुगले की दारूमुळे, आणि ‘बरे झाले’ हे कशावरून ठरवायचे?

कृष्णाकाठ:
माझ्या वडिलांचे वय ५४ असून सांगलीजवळच्या आमच्या गावी त्यांचे किराणा दुकान आहे. गेल्या जूनमध्ये त्यांना चार दिवस ताप आणि खोकला होता. त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी उताणे झोपले की दम लागू लागला, आणि दोन्ही पायांच्या घोट्यांवर बोट दाबले तर खळगा तसाच राहू लागला. इकोमध्ये हृदयाचे पंपिंग २५ टक्के, डाव्या कप्प्याचा व्यास ६६ मिलीमीटर आणि भिंती पातळ असे आले. अँजिओग्राफीत एकही अडथळा निघाला नाही. निदान डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू दुबळा होऊन कप्पा फुगणे, असे झाले.

वडील बारा वर्षे रोज रात्री एक क्वार्टर व्हिस्की घेत असत, ती जूनपासून पूर्ण बंद आहे. सहा महिन्यांच्या औषधांनंतर दुसऱ्या सेंटरवर केलेल्या इकोत पंपिंग ५० टक्के व व्यास ५८ आला. एक डॉक्टर म्हणतात की हा विषाणूचा मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूची सूज होती, तर दुसरे म्हणतात की हे दारूचेच आहे. वडिलांचा प्रश्न मात्र एकच आहे: पंपिंग नॉर्मलला आले असेल, तर चार प्रकारच्या गोळ्या अजून किती दिवस घ्यायच्या?

रानजाई:
माझ्या सासऱ्यांचेही हृदय मोठे झाले आहे. रक्तदाबामुळे भिंत १५ मिलीमीटरची झाली असे सांगितले गेले होते. त्यांना मीठ कमी केल्यावर पुष्कळ फरक पडला. आपणही मीठ बंद करून पाहावे.

हिशेबनीस:
अभ्यासांमध्ये साधारणपणे रोज ८० ग्रॅमहून अधिक शुद्ध अल्कोहोल आणि तेही पाच वर्षांहून अधिक काळ, असे प्रमाण धरले जाते. १८० मिलीलीटरच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ६१ ग्रॅम अल्कोहोल येते. म्हणजे आपले वडील त्या मर्यादेच्या आत आहेत, तेव्हा दारू हे कारण बाद होते आणि विषाणू उरतो. विषाणूचा आजार भरून येतो आणि ५० टक्के हे नॉर्मल आहे. त्यामुळे डॉक्टरांना विचारून गोळ्या हळूहळू कमी करायला हरकत नसावी.

सह्यकडा:
मी अनेक वर्षे हृदयरोग विभागात इको केले आहेत, आता निवृत्त आहे. आधी रानजाईताईंसाठी एक खुलासा करतो. आपल्या सासऱ्यांच्या हृदयाची भिंत जाड झाली आहे, येथे मात्र कप्पा फुगून भिंत पातळ झाली आहे. घरी दोन्हींना ‘हार्ट मोठे झाले’ असेच म्हटले जाते, पण त्यांची कारणे आणि वाटचाल वेगळी आहे.

हिशेबनीस यांचे गणित बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. ८० ग्रॅम हा अभ्यासकांनी सोयीसाठी घेतलेला आकडा आहे, त्याच्या अलीकडे हृदय सुरक्षित असते असा त्याचा अर्थ नाही. शिवाय पिणारा माणूस सांगतो ते प्रमाण बहुधा कमीच असते, लग्नसराईतले आणि रविवारचे त्यात धरलेले नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हृदयाच्या स्नायूतील टायटिन या प्रथिनाच्या जनुकात ज्यांना दोष असतो, त्यांच्या हृदयाला दारू अधिक बाधते असे दिसून आले आहे. त्यामुळे ‘विषाणू की दारू’ असा प्रश्न मांडला, की तिसरी शक्यता नजरेआड होते आणि कारणे एकमेकांवर चढू शकतात हेही विसरले जाते.

मला ६६ हा आकडा आणि पातळ भिंत बोलकी वाटते. ताज्या, तीव्र मायोकार्डायटिसमध्ये स्नायूला सूज असल्याने भिंत उलट जाडसर दिसते आणि कप्प्याला इतके फुगायला वेळ मिळालेला नसतो. तीन आठवड्यांत ६६ होणे अवघड आहे. माझा अंदाज असा, की हृदय आधीपासून हळूहळू फुगत होते आणि जूनच्या तापाने ते उघड केले. अर्थात हा अंदाजच आहे. रक्तातील विषाणूविरोधी प्रतिपिंडे सापडली, तरी विषाणू हृदयात होता हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी स्नायूचा तुकडा काढून तपासावा लागतो, आणि आता सुधारणा होत असताना तो काढण्याचे कारण मला दिसत नाही.

आपण तीन गोष्टी कळवाव्यात: दोन्ही इकोत पंपिंग कोणत्या पद्धतीने मोजले, हृदयावरचा ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी किती आली, आणि घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला आहे का?

कृष्णाकाठ:
पहिल्या अहवालात पंपिंग नजरेच्या अंदाजाने लिहिले आहे, दुसऱ्यात ‘बायप्लेन सिम्पसन’ असे आहे. एनटी-प्रोबीएनपी दाखल होताना ४२०० होते, आता ६१० आहे. धाकटे काका ४१व्या वर्षी शेतात कोसळले आणि जागीच गेले. सगळ्यांनी तो हृदयविकाराचा झटका धरला. शवविच्छेदन झाले नव्हते.

सह्यकडा:
काकांची बातमी मी गांभीर्याने घेतो. वडिलांची जनुक-तपासणी करावी का, हे त्यांच्या डॉक्टरांना जरूर विचारा. त्याचा निकाल काहीही येवो, आपण आणि आपली भावंडे यांनी एकदा ईसीजी व इको करून घ्यावा, त्रास नसला तरी.

आता सुधारणेविषयी. २५ हा आकडा अंदाजाचा आणि ५० हा मोजलेला, शिवाय मोजणारे हातही वेगळे. एकाच रुग्णाच्या दोन मोजण्यांत पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडतो. म्हणून मी ‘दुप्पट झाले’ असे म्हणणार नाही. सुधारणा खरी आहे हे मला व्यासावरून पटते. ६६ वरून ५८ ही हृदयाची ओसरण आहे, पण पुरुषांसाठी ५८ ही नॉर्मलची वरची कड आहे. ६१० देखील पूर्ण शांत आकडा नाही.

गोळ्यांबाबत लंडनमधील ट्रेड-एचएफ हा अभ्यास २०१८च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यातील ५१ जणांचे पंपिंग ५० टक्के किंवा त्याहून वर गेलेले होते, कप्पा नॉर्मल मापावर आलेला होता आणि एनटी-प्रोबीएनपी २५०च्या खाली होते. म्हणजे ते आपल्या वडिलांपेक्षा चांगल्या स्थितीत होते. त्यांपैकी २५ जणांची औषधे देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने थांबवली. सहा महिन्यांत ११ जणांचा आजार उलटला, औषधे चालू ठेवलेल्यांत त्या काळात कुणाचाही नाही. म्हणून ‘बरे झाले’ ऐवजी ‘औषधांवर नियंत्रणात आहे’ असे मी म्हणतो.

हिशेबनीस:
हा अभ्यास मला माहीत नव्हता. गोळ्या कमी करण्याविषयीचे माझे म्हणणे मी मागे घेतो. तरीही एक शंका उरते. त्या २५ पैकी १४ जणांचा आजार त्या सहा महिन्यांत उलटला नाही. तसे कोण असतील, हे आधी ओळखता येते का?

सह्यकडा:
खात्रीने नाही, आणि सहा महिने हा काळही थोडाच. हृदयाच्या एमआरआयमध्ये मधल्या पडद्यात व्रणाची रेषा दिसली, तर ठोक्यांची लय धोकादायकरीत्या बिघडण्याची भीती अधिक असते, एवढे म्हणता येते. हा एमआरआय वडिलांचाही व्हावा असे मला वाटते. बाहेरच्या कडेने व्रण दिसला, तर विषाणूच्या बाजूने एक पुरावा मिळेल. काहीच दिसले नाही, तर मात्र कारणाचा प्रश्न तसाच राहील.

कृष्णाकाठ:
एमआरआय पुढच्या आठवड्यात ठरला आहे आणि त्याच दिवशी माझा व बहिणीचा इको आहे. त्या अकरा जणांतले एक होण्यापेक्षा गोळ्या बऱ्या, असे वडील आज स्वतःहून म्हणाले. दुकानाच्या उधारीच्या जुन्या वहीत ते रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावरचे वजन लिहितात. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर लगेच फोन करा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. कालचे ६८.४ होते, आजचे ६८.२.