विषय: रविवारची ओळखफेरी – माझे ३० सेकंद ५२ होतायत

प्रेषक: केतकी

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींच्या रविवारच्या ओळखफेरीत सुधाकरकाकांनी प्रत्येकी ३० सेकंद दिलेत. मी लिहून काढलं, मोबाईलवर वेळ लावून वाचलं तर ५२ सेकंद. धापा टाकत वाचलं तर ४१. काय उडवू?

"नमस्कार, माझं नाव केतकी. मी मूळची नाशिकची. मी बी.फार्म. केलेलं असून व्हॅलिडेशन आणि क्वालिटी अ‍ॅश्युरन्स या क्षेत्रांत मला सात वर्षांचा अनुभव आहे. मी वेगवेगळ्या टीमबरोबर काम केलेलं आहे. मी बारकाईने काम करते आणि दडपणाखालीही शांत राहते. सध्या मी नव्या आव्हानात्मक संधीच्या शोधात आहे..." (पुढे अजून चार ओळी अशाच.)

दुसरं म्हणजे, समोर रिक्रूटर असणार आणि जोशीआजोबाही असणार. दोघांना हेच सांगायचं का?

केतकी

प्रेषक: अविनाश

केतकी, सोपं गणित आहे. माणूस मिनिटाला १५० शब्द बोलतो, म्हणजे ३० सेकंदांत ७५. तुझे शब्द मोज, ७५ च्या वरचे काप. मग पूर्ण पाठ कर आणि आरशासमोर रोज दहा वेळा म्हण. सुरुवात पदाने कर, "सीनियर व्हॅलिडेशन स्पेशालिस्ट" असं ठणकावून. आणि व्हिसाचं पहिल्यांदाच सांगून टाक, नंतर दोघांचा वेळ जायला नको.

अविनाश

प्रेषक: सुधाकर (हॉल व माईक)

सर्वांना सूचना. नावं ४० आली आहेत. ४० गुणिले ३० सेकंद म्हणजे २० मिनिटं, पण माईक एका हातातून दुसऱ्या हातात जायला दहा सेकंद धरा, की झाली जवळजवळ २७. जेवण साडेबाराला. हॉलची किल्ली मला एक वाजता परत द्यायची आहे. म्हणून २५ व्या सेकंदाला मी आरतीची घंटा वाजवणार. गेल्या वर्षी कोणी कोणी किती बोललं ते सगळ्यांना ठाऊक आहे, नावं घेत नाही.

सुधाकर

प्रेषक: मेधा

अविनाश, १५० चा आकडा इंग्रजी बोलण्याचा आहे. मराठीत तो चालणार नाही, कारण आपण "कंपनीतल्यासाठीसुद्धा" असा एकच शब्द करतो, तिथे इंग्रजीत पाच-सहा लागतात. शब्द कमी, पण एकेक लांब. शिवाय अनोळखी माणसांसमोर मध्ये श्वास घ्यावा लागतो, आणि नाव सांगितल्यावर क्षणभर थांबावंच लागतं. केतकी, तू ५५ शब्दांच्या आसपास राहा आणि बसून न वाचता उभं राहून मोज. उभ्याने बोलताना वेळ बदलतो.

आता मजकूर. तुझ्या ओळींतली "बारकाईने काम करते, शांत राहते, आव्हानात्मक संधी" ही वाक्यं खोलीतले ४० जण जशीच्या तशी म्हणू शकतात. जे कोणीही म्हणू शकतं ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहत नाही, ते आधी काढ. नाशिक इथल्या फेरीत ठेव, कारण त्यावरून मागाहून कोणीतरी "अगं, नाशिकला कुठे?" म्हणत येईल. बाहेरच्या कार्यक्रमात ते काढ. आणि पद राहू दे बाजूला, "व्हॅलिडेशन" म्हटल्यावर खोलीतल्या पस्तीस जणांना काही कळत नाही. तू दिवसभर हाताने काय करतेस ते सांग. मला तुझ्या कामाचं जेवढं माहीत आहे त्यावरून:

"नमस्कार. मी केतकी, नाशिकची. लस आणि इन्सुलिन ठेवायचे मोठे फ्रिज खरंच सगळीकडे दोन ते आठ अंशांत राहतात का, हे मोजून तपासण्याचं काम मी सात वर्षं केलंय. आठही कोपऱ्यांत आणि मधोमध सेन्सर ठेवून, दार उघडून, वीज बंद करून बघायचं. आता इथे एखाद्या औषध कंपनीत हेच काम शोधतेय. तुमच्या ओळखीचं कोणी अशा प्लांटमध्ये असेल तर मला त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोलायचंय."

यात शेवटचं वाक्य बघ. "नोकरी असेल तर सांगा" याला ऐकणारा "हो हो, नक्की" म्हणतो आणि बटाटेवड्याकडे वळतो, कारण त्याच्या हातात नोकरी नसते. ओळखीचा एक फोन नंबर मात्र असू शकतो. मागायचं ते समोरच्याला उभ्या उभ्या देता येईल एवढंच.

पूर्ण पाठ करू नकोस. पाठ केलेलं ऐकताना लगेच कळतं: वाक्यांमधलं अंतर सारखं होतं, आवाज एकाच पट्टीत राहतो, आणि मध्ये कोणी "काय, इन्सुलिन?" विचारलं की माणूस पुन्हा "नमस्कार"पासून सुरू करतो. फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ कर. मधल्यासाठी तीन खुणा लक्षात ठेव: फ्रिज, नऊ सेन्सर, इथलं काम. वाक्य दर वेळी वेगळं झालं तरी चालेल, उलट तेच बरं.

मेधा

प्रेषक: वर्षा

मेधाताई, छान. पण माझं काय? माझा ३० सेकंदांत मेनूच संपत नाही. पुरणपोळी, उकडीचे मोदक, कोथिंबीर वडी, मसालेभात, डब्याची ऑर्डर दोन दिवस आधी, दिवाळीचा फराळ वेगळा. बोर्ड लावून दिला तर चालेल का? काका, टेबल मिळेल ना?

वर्षा

प्रेषक: सुधाकर (हॉल व माईक)

टेबल मिळेल. दारात नको, अग्निशमनवाल्यांचा रस्ता अडतो.

प्रेषक: अविनाश

वर्षा, मेनू कसला वाचतेस, कार्ड वाट.

मेधाताई, शब्दांचं मान्य. पण व्हिसाचं तुम्ही टाळलंत. इथे न्यू जर्सीत रिक्रूटरचा पहिला प्रश्न "स्पॉन्सरशिप लागेल का" हाच असतो. मग लपवून काय मिळतं?

प्रेषक: मेधा

वर्षा, मेनू नको. एकच पदार्थ आणि एकच प्रसंग. "वीस माणसांपर्यंतचं घरगुती जेवण करते, बारशाला, डोहाळजेवणाला. परवा सांगितलं तर आज मिळतं." बाकीचं विचारतील तेव्हा सांग. लोक यादी विसरतात, प्रसंग लक्षात ठेवतात. मग सहा महिन्यांनी कुणाकडे डोहाळजेवण निघालं की तू आठवतेस.

अविनाश, टाळलं नाही. समोर कोण आहे यावर ते ठरतं, आणि केतकीचा दुसरा प्रश्नही तोच होता. माईकवरचं बोलणं सगळ्या खोलीसाठी असतं, तिथे वर दिलेलं तसंच ठेव. ऐकणाऱ्याप्रमाणे बदलायचं ते चहाच्या वेळी, एकेकाशी. आणि तिथे युक्ती एवढीच की आधी समोरच्याला बोलू द्यायचं. "तुम्ही कुठे असता?" विचारलं की मधली खूण कुठली बदलायची ते कळतं.

समोर क्वालिटीतलाच माणूस निघाला तर फ्रिजची गोष्ट त्याला पोरकट वाटेल. त्याला सरळ सांग: "टेम्परेचर मॅपिंग, आयक्यू-ओक्यू-पीक्यूचे प्रोटोकॉल लिहिणं आणि फेल झालं तर डेव्हिएशन बंद करणं." दहा सेकंदांत तो ओळखतो की तू आतली आहेस. रिक्रूटरला यातलं काहीच नको असतं. त्याच्या फॉर्ममध्ये चार रकाने असतात: पद, वर्षं, कुठल्या गावात, कधीपासून. तिथे पद पहिलं, आणि तिथे अविनाश बरोबर आहे. परवानगीचंही तिथेच सांग. केतकी, तुझ्याकडे एच-४ व्हिसावरचं ईएडी, म्हणजे कामाचं परवानापत्र, आहे ना? मग "मला काम करायची परवानगी आहे, कंपनीने काही करायला नको" एवढंच. पुढचा पाढा नको, ते ईएडी २०१५ पासून मिळतंय हे रिक्रूटरला माहीत असतं.

आणि जोशीआजोबांना? फ्रिज. त्यांना फ्रिजच सांग. त्यांचा भाचा एका औषध कंपनीत आहे.

मेधा

प्रेषक: ऋतुजा

माझं विद्यार्थ्यांच्या बाजूने. ओपीटीवर, म्हणजे शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, बेरोजगारीचे ९० दिवसच मिळतात. आमच्याकडे "आधी ओळख वाढवू, मग व्हिसाचं बोलू" एवढा वेळ नसतो. दोनदा गप्पा मारून तिसऱ्यांदा "आम्ही स्पॉन्सर करत नाही" ऐकण्यापेक्षा पहिल्या तीस सेकंदांतच सांगणं परवडतं. मला मेधाताईंचं पटत नाही.

आणि एक. मेधाताई, केतकीने "कोपरा गरम निघाला" असला काही किस्सा जोडला तर? मुलाखतीला सगळे सांगतात की काय शोधलंत ते सांगा.

ऋतुजा

प्रेषक: मेधा

ऋतुजा, किस्स्याचं चांगलं विचारलंस. ते चाळीस जणांत नको. जुन्या कंपनीच्या कोल्ड रूममध्ये काय बिघडलं होतं ही त्या कंपनीची गोपनीय गोष्ट असते, आणि ऐकणारा क्वालिटीवाला असेल तर त्याच्या मनात पहिलं येतं की उद्या ही आमचंही बाहेर सांगेल. काय शोधलं ते न सांगता कसं शोधतात ते सांगता येतं, म्हणून मी नऊ सेन्सरवर थांबले.

९० दिवसांचं तू म्हणतेस ते खरं आहे. तरी माझं मत तेच आहे की अनोळखी माणसासमोर तोंड उघडल्याबरोबर व्हिसा काढला की तो तुला नाही, अडचणीला लक्षात ठेवतो. रिक्रूटर असेल तर गोष्ट वेगळी.

प्रेषक: ऋतुजा

म्हणजे आपण दोघी वेगवेगळ्या लोकांबद्दल बोलतोय. माझ्यासमोर बहुतेक वेळा रिक्रूटरच असतो. राहू दे.

प्रेषक: केतकी

सगळ्यांचे आभार. मेधाताई, उभं राहून तुमचं म्हटलं, ३४ सेकंद झाले. आज फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तर माझंच नाव मला नीट ऐकू आलं नाही, "मीकेतकीनाशिकची" असं एकच काहीतरी होतं. ते सुधारायला गेले की वेळ अजून वाढतो.

प्रेषक: मेधा

नाव सगळ्यांचंच असं गिळलं जातं, आपण आयुष्यभर तेच सांगत आलेलो असतो म्हणून. "मी केतकी" म्हणून थांब. मनात एक मोज, मग "नाशिकची". इंग्रजीत सांगताना तर अजूनच हळू, तिथे ते नाव त्यांनी पहिल्यांदाच ऐकलेलं असतं. वेळ हवा असेल तर "दार उघडून, वीज बंद करून" काढ. ते छान आहे, पण कोणी "म्हणजे कसं तपासता?" विचारलं तर सांगायला ठेव.

काका, घंटेबद्दल: २५ व्या सेकंदाला घंटा वाजली की माणूस शेवटचं वाक्य सोडतो, आणि मागणं तर तिथेच असतं. त्यापेक्षा पुढच्याने आधीच उठून शेजारी उभं राहू दे. बोलणाऱ्याला आपोआप कळतं.

प्रेषक: सुधाकर (हॉल व माईक)

गेल्या वर्षी पुढचा उभाच होता. साडेचार मिनिटं उभा होता. घंटा वाजेल. फार तर २८ ला वाजवतो.

पुढचा माणूस शेजारी उभा राहिला तर माईकचे दहा सेकंद वाचतील, तेवढं मान्य. माईकच्या सेलचं कोणी बघतंय का? डबल-ए चार लागतील.

प्रेषक: वर्षा

सेल मी आणते. काका, टेबल खिडकीजवळ द्या.