शब्दचर्चा : 'प्राइस टू सेल्स'मधला 'सेल्स' म्हणजे विक्री, उलाढाल की महसूल?

मीरा_सातारा

शेअर बाजारावरच्या एका लेखमालेचं मराठीकरण करते आहे. झोमॅटोच्या जुलै 2021 मधल्या प्रारंभिक भागविक्रीवरच्या प्रकरणात 'प्राइस टू सेल्स रेशो' सारखा येतो. मी 'किंमत-विक्री गुणोत्तर' असं लिहिलं. संपादकांनी त्याचं 'भाव-उलाढाल गुणोत्तर' केलं. दुसऱ्या वाचनात कुणीतरी 'महसूल' सुचवला. मला 'महसूल' म्हटलं की तलाठी आणि सातबारा आठवतो, पण कंपन्यांच्या मराठी बातम्यांत तो सर्रास दिसतो.

तिन्ही शब्द एकच आकडा दाखवतात का? तसं असेल तर कानाला बरा वाटेल तो घेईन. नसतील तर चुकीचा शब्द छापायचा नाही.

सुमनताई_पेण

मीरा, मला यात 'विक्री किंमत' असं वाचायला आलं. म्हणजे माल केवढ्याला पडला आणि केवढ्याला विकला, त्याचं प्रमाण. आमचा पेणला पापड-कुरडयांचा धंदा आहे, आम्ही हे रोजच करतो. किलोला खर्च किती, वर किती ठेवायचे. ह्याला गुणोत्तर कशाला लागतं?

आडवाट

सुमनताई, तुम्ही सांगताय तो नफ्याचा हिशेब. इथली 'किंमत' मालाची नाही, सबंध कंपनीची आहे. एका शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर, म्हणजे बाजारमूल्य. त्याला वर्षाच्या विक्रीने भागायचं. तुमची चूक नाही, 'किंमत-विक्री' हा जोडशब्दच तिकडे ढकलतो. मीरा, एवढ्यासाठी तरी तो टाळावा असं मला वाटतं.

आता मूळ प्रश्न. तिन्ही शब्द एकच आकडा दाखवत नाहीत, आणि झोमॅटोचंच उदाहरण असल्यामुळे फरक फार मोठा पडतो. 2020-21 या वर्षात झोमॅटोवरून लोकांनी मागवलेल्या जेवणाच्या ऑर्डरी साधारण 9,483 कोटींच्या होत्या. झोमॅटोच्या हिशेबात स्वतःचं म्हणून आलेलं होतं 1,994 कोटी. भागविक्रीचा भाव 76 रुपये, त्या भावाने कंपनीचं मोल सुमारे 59,600 कोटी. 1,994 ने भागलं तर तीस पट. ऑर्डरींच्या रकमेने भागलं तर सव्वासहा पट. तुमच्या संपादकांचं 'उलाढाल' वाचून वाचकाने दुसरा आकडा धरला, तर त्याला तीच कंपनी पाचपट स्वस्त दिसेल.

कांदेकर

माझे वडील लासलगावला अडत्या होते, म्हणून लिहितो. एक लाखाचा कांदा त्यांच्या हातून जायचा. तो लाख रुपये त्यांचा नव्हे. अडत चार टक्के धरा, तर चार हजार त्यांचे. गावात लोक म्हणायचे, "अमक्याची उलाढाल कोटीची आहे", आणि ते खरंही असायचं. पण बँकेत कर्जाला गेलं की साहेब अडतीचा आकडा विचारायचा.

झोमॅटो मला अडत्याच वाटतो. जेवण हॉटेलाचं, पैसे गिऱ्हाइकाचे, याची फक्त अडत. म्हणून इथे 'उलाढाल' नको. किराणा दुकानदाराचं वेगळं. माल त्याने विकत घेतलेला असतो, त्यामुळे दिवसभराचा सगळा गल्ला ही त्याची विक्री.

आडवाट

कांदेकर, अगदी नेमकं. हिशेबाच्या नियमांतही प्रश्न हाच असतो: माल गिऱ्हाइकाला देण्याआधी तो कंपनीच्या ताब्यात आणि तिच्या जोखमीवर होता का? असेल तर पूर्ण रक्कम धरायची, नसेल तर फक्त अडत.

तुषार

मला वाटतं शब्दावर एवढं अडायला नको. सूत्र सोपं आहे. नफा नसेल तर पी/ई, म्हणजे किंमत भागिले नफा, निघत नाही, मग पी/एस, म्हणजे हेच प्राइस टू सेल्स, बघायचा. कमी असेल तर स्वस्त, जास्त असेल तर महाग. एक-दोनच्या खाली मिळाला तर डोळे झाकून घ्यावा. 1980 च्या दशकात केनेथ फिशरने हे गुणोत्तर लोकप्रिय केलं, तेही याच विचारातून.

आडवाट

तुषार, पहिला भाग बरोबर. तोट्यातल्या कंपनीचा पी/ई ऋण येतो आणि त्यातून काहीच कळत नाही. तोटा जितका लहान तितका तो ऋण आकडा मोठा, म्हणजे तो उलटाच बोलतो. यंत्रं-इमारती नसलेल्या कंपनीत पुस्तकी मूल्यही फारसं उपयोगी पडत नाही. विक्री तेवढी नेहमी शून्याच्या वर असते, म्हणून तिच्याकडे जायचं.

पण "कमी म्हणजे स्वस्त" इथे मी थांबवेन. 2023-24 मध्ये डी-मार्टला शंभर रुपयांच्या विक्रीत निव्वळ नफा साधारण पाच रुपये राहिला, टीसीएसला एकोणीस. दोन्ही कंपन्या आपापल्या विक्रीच्या एकाच पटीला विकल्या गेल्या, तर टीसीएस घेणाऱ्याला जवळजवळ चौपट नफा मिळेल. म्हणून हे गुणोत्तर एकाच प्रकारच्या धंद्यातच लावायचं. तोट्यातल्या नव्या कंपनीत तर तो शंभरातला वाटा अजून दिसतच नसतो. तो तुम्ही मनाने धरत असता, आणि खरा निर्णय तिथेच होतो.

तीस पटीच्या पोटात काय होतं ते मोजून दाखवतो. समजा झोमॅटोला पुढे कधीतरी शंभरात दहा रुपये सुटतील. 1,994 कोटींवर झाले 199 कोटी. 59,600 ला 199 ने भागा, तीनशे पट. नफ्याच्या तीस पट हा भाव तुम्हाला रास्त वाटत असेल, तर नफा 2,000 कोटींच्या घरात हवा, म्हणजे विक्री दहापट होऊन 20,000 कोटींवर जायला हवी. आणि हे सगळं भाव 76 वरच राहिला तर. 76 ला शेअर घेणारा माणूस या दोन गोष्टींवर पैसे लावत होता: विक्री दहापट, आणि त्यातले दहा टक्के हातात.

आता काय झालं ते बघा. 2024-25 मध्ये विक्री 20,243 कोटी झाली. दहापट! त्यात मधे विकत घेतलेलं, किराणा घरपोच देणारं ब्लिंकिटही आहे, तेव्हा सगळं जुन्या धंद्याने केलं असं नाही. पण नफा 527 कोटी, म्हणजे शंभरात अडीच रुपयांच्या आसपास. पहिली अट पूर्ण झाली, दुसरी पाव.

तुषार

तरी शेअर 76 च्या कितीतरी वर गेला. म्हणजे तीस पट बरोबरच होतं ना?

आडवाट

2021 मध्ये घेऊन आजवर ठेवलेल्याला फायदा झाला, हे खरंच. पण जुलै 2022 मध्ये हाच शेअर 41 रुपयांच्या आसपास आला होता. मधल्या वर्षात विक्री निम्मी झाली होती का? नाही, 1,994 वरून 4,192 कोटी, दुपटीहून जास्त. पट मात्र तीसवरून साडेसातवर. लोक भविष्यातल्या कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायला तयार आहेत, ते बदललं. म्हणून एकट्या पटीवरून "बरोबर होतं" किंवा "चूक होतं" असं मी म्हणणार नाही.

आणि 2020-21 हे टाळेबंदीचं वर्ष होतं. त्याआधीच्या वर्षी विक्री 2,605 कोटी होती. भाजक पडलेला असला की पट फुगते. पुढच्या वर्षाची 4,192 धरली असती तर तीसच्या जागी चौदा निघाली असती. मीरा, लेखात पट येईल तिथे कोणत्या वर्षाची विक्री हे लिहिल्याशिवाय सोडू नका.

मीरा_सातारा

हे लिहून घेतलं. मग 'उत्पन्न' शब्द कसा? लेखात पी/ईसाठी 'किंमत-उत्पन्न गुणोत्तर' असं आधीच आलं आहे. पण घरात आपण 'उत्पन्न' म्हणतो ते सगळं आलेलं. तिथे तर ते नफ्यासाठी वापरलं आहे.

आडवाट

पी/ईला 'उत्पन्न' लावणं ही जुनी गडबड आहे. 'मिळकत' त्यातल्या त्यात बरा, पण 'मिळकत' म्हणजे घरदार, जमीनजुमला. मी स्वतः 'किंमत-नफा' लिहितो.

'उत्पन्न' आणखी एका कारणाने टाळा. ताळेबंदाबरोबरच्या नफा-तोटा पत्रकात 'एकूण उत्पन्न' अशी ओळ येते, आणि तिच्यात ठेवींचं व्याज वगैरे मिसळलेलं असतं. झोमॅटोने 2023-24 मध्ये पहिल्यांदा वर्षाचा नफा दाखवला, 351 कोटी. त्याच वर्षी 'इतर उत्पन्न' 847 कोटी होतं. ते काढलं तर खाण्याच्या आणि किराण्याच्या धंद्यात नफा उरत नाही. म्हणून पी/एसला भाजक घ्यायचा तो 'कामकाजातील महसूल', 12,114 कोटी. मार्च 2024 ला सुमारे 180 च्या भावाने पट येते तेरा. पी/ई तेव्हा निघायला लागला होता, पण साडेचारशे. नुकत्याच नफ्यात आलेल्या कंपनीत तोही कामाचा नसतो, त्यामुळे पहिल्या एक-दोन वर्षांत लोक पी/एसच बघत राहतात.

सुमनताई_पेण

आता मला माझं विचारायचं आहे. मुंबईचे एक गृहस्थ येऊन गेले, म्हणाले, "ताई, तुमचा ब्रँड आम्ही वर्षाच्या विक्रीच्या दीडपटीला घेतो." आमच्याकडे बावीस बायका आहेत, नफा दरवर्षी होतो. दीडपट चांगली की वाईट?

आडवाट

सुमनताई, तुमच्याकडे नफा आहे, तर त्यांना विक्रीची पट बोलू देऊ नका. शंभरात तुम्हाला वीस सुटत असतील, तर विक्रीची दीडपट म्हणजे नफ्याची साडेसात पट. आठच सुटत असतील तर जवळजवळ एकोणीस पट. तुमचा शंभरातला आकडा काढा आणि मग बघा. त्यात तुमचा स्वतःचा पगार धरला आहे ना, तेही तपासा. घरच्या धंद्यात बाई तो धरतच नाही आणि नफा मोठा दिसतो.

सुमनताई_पेण

नाही धरला. आज रात्री वही काढते.

कांदेकर

एक शंका. ब्लिंकिट आता स्वतःच माल घेऊन विकतं असं ऐकलं. मग अडत्याचा दुकानदार झाला की. गल्ला मोठा दिसायला लागेल.

आडवाट

तसंच झालं. 2025 मध्ये कंपनीचं नाव 'इटर्नल' झालं, आणि त्याच वर्षी ब्लिंकिट हळूहळू स्वतःच्या मालावर गेलं. सप्टेंबर 2025 ला संपलेल्या तिमाहीत महसूल 13,590 कोटी, आदल्या वर्षी त्याच तिमाहीत 4,799. नफा मात्र 176 वरून 65 कोटींवर आला. धंदा खरोखर वाढलाच, पण या वाढीचा मोठा भाग म्हणजे आधी अडत मोजत होते ते आता पूर्ण गल्ला मोजू लागले. पी/एस आपोआप खाली येतो, आणि जुन्या तेराशी तो ताडून बघण्यात अर्थ उरत नाही. ओळखायचं कसं? महसूल झेप घेतो आणि खर्चात 'विकत घेतलेला माल' ही ओळ त्याच तिमाहीत तितकीच झेप घेते.

मीरा_सातारा

मग 'महसूल' म्हणते, तलाठी आठवला तरी. शीर्षकात 'बाजारमूल्य-महसूल गुणोत्तर', आणि पहिल्यांदा येईल तिथे 'पी/एस' सोबत.

कांदेकर

'महसूल' म्हणजे सरकारचं येणं. दुकानदाराने गल्ल्याला महसूल म्हटल्याचं मी आयुष्यात ऐकलं नाही. 'विक्री'च ठेवा, आणि अडत्या कंपनी असेल तिथे 'अडत' लिहा.

तुषार

अडत लिहिलं तर पुण्या-मुंबईचे अर्धे वाचक अडतील.

मीरा_सातारा

संपादकांना दोन्ही पाठवते आहे. सुमनताई, वहीत काय निघालं ते इथे नक्की लिहा.