एस्क्रोतले पैसे नेमके कधी सुटतात?

प्राजक्ता: मामा, घराच्या करारनाम्याचा मसुदा आलाय. त्यात एक वाक्य आहे: 'इसाराची रक्कम एस्क्रो खात्यात जमा राहील आणि सर्व अटींची पूर्तता झाल्यावर विक्रेत्यास अदा केली जाईल.' एस्क्रो म्हणजे काय? पैसे मालकालाच का द्यायचे नाहीत?

आत्या: मलाही हेच विचारायचं होतं. मालकाला द्यायचे, पावती घ्यायची, झालं.

मामा: ताई, पावतीने पैसे दिले एवढंच सिद्ध होतं. व्यवहार मोडला आणि मालकाने ते खर्च करून टाकले असतील, तर पावती हातात घेऊन वसुलीच्या मागे फिरावं लागतं. भीती मालकालाही असते: घर नावावर करून दिलं आणि उरलेले पैसे आलेच नाहीत तर? म्हणून रक्कम तिसऱ्याकडे ठेवतात. तो बँक असेल, वकील असेल किंवा हेच काम करणारी कंपनी असेल. दोघांनी मिळून त्याला लेखी सूचना द्यायच्या, की अमुक झालं तर पैसे मालकाला आणि तमुक झालं तर खरेदीदाराला. तो त्या सूचनांपलीकडे जात नाही. कोण खरं, कोण खोटं हे तो ठरवत नाही. प्राजू, हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेव, कारण तुझ्या मसुद्यातली अडचण तिथेच आहे.

प्राजक्ता: अडचण कसली? 'सर्व अटींची पूर्तता' तर लिहिलंय.

मामा: कुठल्या अटी, पूर्तता झाली हे कुठल्या कागदावरून कळणार, आणि नाही झाली तर काय, यातलं काहीच लिहिलेलं नाही. थांब, आधी सगळं सुरळीत पार पडलं तर पैसे कसे फिरतात ते सांगतो.

घराची किंमत १०० धरू. तू १० इसार म्हणून एस्क्रोत ठेवलेस. खरेदीच्या दिवशी तुझे उरलेले २० आणि तुझ्या बँकेचे ७० त्याच खात्यात आले. आता मालकाचं त्याच घरावर ३५ चं कर्ज बाकी आहे. तू १०० त्याच्या हातात दिलेस आणि त्याने कर्ज फेडलंच नाही, तर घर तुझ्या नावावर आणि बोजा घरावर तसाच. एस्क्रोत हे होत नाही, कारण ३५ मालकाकडे जातच नाहीत, थेट त्याच्या बँकेला जातात. त्यासाठी ती बँक आधी पत्र देते, की अमुक तारखेपर्यंत अमुक रक्कम भरली की कर्ज संपलं आणि आम्ही गहाण सोडू. त्या पत्रावरची तारीख बघायची. व्याज रोज चढतं, त्यामुळे खरेदी चार दिवस पुढे गेली की तो आकडा चुकतो. थोडी बाकी राहिली तरी बँक गहाण सोडत नाही. तारीख हलली की नवं पत्र मागवायचं.

राहिले ६५. मालक खरेदीनंतर दोन आठवड्यांनी घर रिकामं करणार असेल तर त्यातले ३ मागे ठेवायचे आणि किल्ल्या मिळाल्यावर सोडायचे. उरलेले ६२ त्याच दिवशी मालकाला. सगळे पैसे आणि सगळे सही केलेले कागद आधी आत येतात आणि मगच एकाच वेळी बाहेर जातात. एक जरी कागद कमी असला तर काहीच हलत नाही.

दादा: माझ्या बँकेच्या कर्जाच्या कागदातही एस्क्रो आहे. दर हप्त्याबरोबर घराच्या करासाठी आणि विम्यासाठी थोडे पैसे घेतात. तेच का हे?

मामा: तत्त्व तेच, काम वेगळं. ते खातं कर्ज असेपर्यंत चालतं आणि त्यातून बँक तुझ्या वतीने कर आणि विमा भरते. प्राजूचं खरेदी पूर्ण झाली की संपतं.

प्राजक्ता: आणि सुरळीत पार पडलं नाही तर? मला मुख्य भीती कर्जाची आहे. बँकेने नाही म्हटलं तर १० परत मिळतात ना?

मामा: या मसुद्यावर सांगता येत नाही. पुढे बघ, 'एस्क्रोतील रक्कम उभय पक्षांच्या संयुक्त लेखी सूचनेनेच मुक्त होईल' असं काही आहे का?

प्राजक्ता: आहे! जवळजवळ हेच शब्द.

मामा: मग बघ काय होतं. बँकेने तुला नकार दिला. तू एस्क्रोवाल्याला कळवलंस. तो म्हणेल, मालकाची सही आणा. मालक म्हणेल, तुम्ही अर्जच उशिरा केलात, मी सही करणार नाही. एस्क्रोवाला दोघांच्या मध्ये पडत नाही. तो पैसे धरून बसतो, नाहीतर कोर्टात जमा करतो आणि तुम्ही तिथे भांडा म्हणतो. पैसे सुरक्षित आहेत, पण तुझ्या हातात नाहीत. अशात पुढच्या घराच्या इसारासाठी लोकांना उधार काढावं लागतं.

आत्या: मग एकट्या प्राजूच्या सहीवर परत मिळतील असं लिहून घ्या की.

मामा: कुठलाही मालक ते मान्य करणार नाही, आणि ताई, त्याचंही बरोबर आहे. मधला मार्ग असतो. बँकेचं नकाराचं पत्र ठरलेल्या तारखेच्या आत एस्क्रोवाल्याकडे पोचवायचं. तो त्याची प्रत मालकाला पाठवतो. मालकाने, समजा, ७ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर रक्कम आपोआप तुला परत. हरकत घेतली तर मात्र अडकते. तरी नुसतं गप्प बसून तुला अडवणं त्याला जमत नाही, कारण सांगावं लागतं.

प्राजक्ता: घराचे जुने कागद बरोबर आहेत का, भिंतीत ओल आहे का, हे एस्क्रोवाला बघतो?

मामा: नाही. तो पैसे आणि कागद सांभाळतो. मालकी हक्काची तपासणी तुझा वकील करणार, घराची तपासणी तुला वेगळी करून घ्यावी लागेल. अहवाल वाईट आला तर बाहेर पडायचंय, असं वाटत असेल तर तीही अट तारखेसकट लिही. 'तपासणी समाधानकारक असल्यास' असं मोघम नको. कोणाचं समाधान, यावरच वाद होतात.

दादा: खातं कोणाचं असतं? दलालाने त्याच्या खात्यात भरायला सांगितलं तर?

मामा: नाही भरायचे. दलालाचं किंवा मालकाच्या भावाचं खातं म्हणजे एस्क्रो नव्हे, त्याला कुणी काहीही नाव देवो. एस्क्रोवाल्याच्या स्वतःच्या धंद्याच्या पैशांपासूनही ते खातं वेगळं हवं. आणि एक, प्राजू: पैसे भरायच्या आदल्या दिवशी 'खाते क्रमांक बदलला आहे' असा ईमेल आला तर ती फसवणूक धरून चाल. दोघांचे ईमेल वाचत बसलेले चोर नेमकी हीच वेळ साधतात. ईमेलमधल्या नंबरवर फोन करू नकोस, करार करताना मिळालेल्या नंबरवर कर. गेलेले पैसे परत आणणं फार कठीण असतं.

प्राजक्ता: मी वकिलांना पाठवायला हे लिहिलंय, बघ: 'खरेदीदारास कर्ज नाकारल्याचे बँकेचे पत्र कर्जाच्या मुदतीत एस्क्रो एजंटकडे सादर झाल्यास, आणि त्याची प्रत मिळाल्यापासून ७ दिवसांत विक्रेत्याने लेखी हरकत न घेतल्यास, इसाराची पूर्ण रक्कम खरेदीदारास परत केली जाईल.'

मामा: छान. दोन गोष्टी घाल. 'कर्जाच्या मुदतीत' ऐवजी प्रत्यक्ष तारीख लिही, आणि परत किती दिवसांत ते लिही. शिवाय 'संयुक्त लेखी सूचनेनेच' हे वाक्य तसंच राहिलं तर तुझ्या नव्या कलमाशी भांडेल. त्याच्या आधी 'कलम अमुकमधील प्रसंग वगळता' असं घालायला सांग. एस्क्रोचं शुल्क कोण भरणार आणि पैसे महिनोन्‌महिने पडून राहिले तर व्याज कोणाचं, हेही विचारून घे.

प्राजक्ता: बँकेने ३० दिवस लागतील म्हटलंय. तारीख तेवढीच धरू?

मामा: ४५ माग. मालक ४० वर आला तरी चालेल.