शब्दचर्चा : विसरभोळेपणा, म्हातारचळ की स्मृतिभ्रंश?

खानापूरची लेक : आई 72 वर्षांची. बाबा गेल्यापासून फार विसरते. दूध उतू जातं, कुणाचा फोन आला ते सांगता येत नाही. शेजारच्या काकू ‘अरळु-मरळु’ म्हणतात, चुलते ‘म्हातारचळ’. पुढच्या आठवड्यात बेळगावला दाखवणार आहे. तिथे ‘स्मृतिभ्रंश’ म्हणून सांगू का?

निपाणीकर : म्हातारचळ वेगळा ओ. त्यात वागण्यातला चळ आला, नुसतं विसरणं नव्हे. कन्नड ‘अरवत्तक्के अरळु-मरळु’ म्हणजे आपलं ‘साठी बुद्धी नाठी’. आणि जो स्वतःच म्हणतो ‘मी विसरतो’, त्याला स्मृतिभ्रंश नसतो.

सिस्टर, बेळगाव : काका, शेवटचं अर्धंच खरं. सुरुवातीला पेशंटला स्वतःलाही कळतं आणि तो घाबरतो. ताई, ‘स्मृतिभ्रंश’ हे निदान आहे, ते डॉक्टरांना करू दे. तुम्ही घडलेलं सांगा. एखादं नाव संध्याकाळी आठवलं तर ते वयाचं. रोजची आमटी करताना क्रमच चुकणं, तासाभरात तेच विचारणं हे तपासायला हवं. खूण दिली की आईंना आठवतं का? झोप, जेवण कसं आहे?

खानापूरची लेक : पहाटे तीनलाच उठून बसते. भजनाला जाणं सोडलं. काही विचारलं की ‘मला नाही माहीत’, पण खूण दिली की आठवतं. भिशीचे पैसे मात्र दोनदा दिले.

सिस्टर, बेळगाव : भिशी सोडली तर बाकी सगळं नैराश्यासारखं वाटतं. पण भिशीचं नक्की सांगा. दोन्ही एकत्र असू शकतं, आणि उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधी कधी स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असते. डॉक्टर तुमच्याशी वेगळं बोलतील. आईंना तारीख-वार विचारतील, तीन शब्द सांगून थोड्या वेळाने पुन्हा विचारतील, घड्याळ काढायला लावतील. मन कसं आहे याचेही प्रश्न असतात. रक्तात हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, थायरॉइड, बी-12 बघतात, गरज वाटली तर डोक्याचा स्कॅन. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. झोपेच्या आणि लघवीच्या काही गोळ्यांनीही विसरायला होतं.

चिकोडीचा पोरगा : आमच्या अण्णांना शंभरातून सात-सात वजा करायला कन्नडमधून सांगितलं. ते आयुष्यभर हिशेब मराठीत करणारे, त्यात कानानं कमी ऐकू येतं. गप्पच बसले, गुण कमी पडले. पुढच्या खेपेला मराठीतून मोठ्यानं विचारलं तर बरंच जमलं. ताईंचा प्रश्न भाषेचाच आहे.

सिस्टर, बेळगाव : त्यांचा प्रश्न वेगळा आहे, पण हे ध्यानात ठेवण्यासारखंच. मराठीतून विचारा म्हणून आधीच सांगायचं, चष्मा न्यायचा, शाळा कितवीपर्यंत झाली तेही सांगायचं. कमी शिकलेल्यांचे गुण आजार नसतानाही कमी येतात. पहिल्या भेटीत निकाल लागेलच असं नाही. नैराश्यावर उपचार करून काही महिन्यांनी पुन्हा तपासतात.

खानापूरची लेक : घरी ‘नैराश्य’ म्हटलं तर आई चिडेल. ती स्वतः ‘मन लागंना’ म्हणते. तेच सांगू?

निपाणीकर : त्यानं आजाराचं गांभीर्य कळत नाही. ‘नैराश्य’च म्हणा.

सिस्टर, बेळगाव : मला नाही पटत, काका. ‘मन लागंना’ म्हणतच ती दवाखान्यात यायला तयार होईल.