चीजसोबत वाइनऐवजी बिअर : ब्री, मुरलेले चेडर आणि एर्व्ह यांना कोणती?

मुलुंडकर : पुढच्या महिन्यात आठ जण जेवायला येणार आहेत. जेवणाआधी तीन चीज मांडायची आहेत : सौम्य म्हणून ब्री, तीव्र म्हणून मुरलेले चेडर आणि उग्र म्हणून बेल्जियमहून आलेले एर्व्ह. वाइन न ठेवता बिअर ठेवली तर चालेल का? एकच पुरेल की तिन्हींना वेगवेगळी हवी?

लिएजवासी : चालेल, आणि माझ्या मते या तिघांपुरती बिअर वाइनपेक्षा सरसच ठरेल. चीज खाताना जिभेवर स्निग्धतेचा थर बसतो आणि पुढच्या घासाची चव बोथट होते. बिअरमधला वायू तो थर सैल करतो आणि हॉप्स या बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा कडवटपणा उरलेसुरले पुसून टाकतो. साध्या वाइनमध्ये बुडबुडे नसतात, त्यामुळे तिला हे काम केवळ आंबटपणाच्या जोरावर करावे लागते.

बिअर मात्र तीन घ्याव्यात. ब्रीला गव्हाची बिअर द्यावी, शक्यतो धणे आणि संत्र्याची साल घातलेली बेल्जियन पद्धतीची. तिच्यात कडवटपणा नावापुरताच असतो आणि ब्रीची लोण्यासारखी चव दबत नाही. चेडरला इंग्लिश पेल एल किंवा बिटर, म्हणजे बेताची कडवट बिअर द्यावी. एर्व्हला द्यावी डुबेल, म्हणजे गडद, माल्टची गोडी असलेली, साधारण ७ टक्के अल्कोहोलची मठातली बिअर. शिमे किंवा वेस्टमाल या दोन्ही मठांची डुबेल चालेल, आणि हे दोन्ही मठ चीजही करतात.

द्राक्षबाग, नाशिक : ही तुलना मला न्याय्य वाटत नाही. चीजसोबत लोक सवयीने लाल वाइन उघडतात, तिच्या तुरटपणाने ब्री कडू आणि धातूसारखी लागते, आणि दोष मात्र समस्त वाइनवर येतो. लाल बाजूला ठेवून पांढरी घेतली की चित्र बदलते. लोआर खोऱ्यात शाव्हिन्योलचे शेळीच्या दुधाचे चीज आणि शेजारच्याच सांसेरची पांढरी वाइन एकत्र खातात-पितात. त्या चीजचा आंबटपणा आणि त्या वाइनचा आंबटपणा एकमेकांना जसे सांभाळून घेतात, तसे कोणती बिअर करेल? बुडबुडेच हवे असतील तर ब्रीसोबत शँपेन किंवा आपल्याकडची फेसाळ वाइन उत्तम लागते. बुडबुडे ही काही बिअरची मक्तेदारी नव्हे.

हॉप्सप्रेमी, पुणे : इतका विचार करण्याची गरजच नाही. नियम एकच आहे : चीज जितके जोरकस, तितकी बिअर जोरकस. मुरलेल्या चेडरला आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्स घातलेली कडवट बिअर द्या, एर्व्हला त्याहून कडवट डबल आयपीए द्या. चेडर आणि आयपीए एकत्र चाखल्यावर दुसरे काही सुचत नाही.

लिएजवासी : द्राक्षबाग यांचे शेळीच्या चीजबाबतचे आणि शँपेनबाबतचे म्हणणे मला मान्य आहे. तिथे मी वाद घालणार नाही.

हॉप्सप्रेमी यांचा नियम चेडरपर्यंत खरा आहे. चेडरमध्ये आंबटपणा, मीठ आणि स्निग्धता तिन्ही भरपूर असतात, त्यामुळे कडवट बिअर तिथे खपून जाते. एर्व्हची गोष्ट वेगळी आहे. त्याची साल मुरताना वारंवार मिठाच्या पाण्याने पुसली जाते, तिच्यावर जिवाणूंचा नारिंगी, चिकट थर चढतो आणि तो घमघमाट त्या थराचा असतो. वासावरून वाटते तितके आतले चीज तिखट नसते. ते मऊ, खारट आणि जवळजवळ मांसल चवीचे असते. शिवाय मुरताना प्रथिने तुटतात आणि त्यातून चीजमध्येच थोडा कडवटपणा येतो. त्यावर डबल आयपीए ओतली की दोन्ही कडवटपणांची बेरीज होते. हे ओळखणे सोपे आहे : चीजचा घास, बिअरचा घोट आणि पुन्हा चीजचा घास, असे करून पाहावे. दुसऱ्या घासाला घशाशी औषधी गोळीसारखी कडू चव रेंगाळली, तर जोडी चुकली.

लिएजच्या पूर्वेला, एर्व्हच्या परिसरात, हे चीज पावाच्या तुकड्यावर तिथल्याच सिरपासोबत खातात. नाशपती आणि सफरचंदाचा रस तासन्‌तास आटवून केलेले ते सिरप काळपट, दाट आणि काकवीच्या जवळ जाणारे असते. खारट आणि उग्र चीजला तिथल्या लोकांनी कडवटाची नव्हे, तर गडद गोडाची जोड दिली आहे. डुबेलमध्ये नेमकी तीच सुकामेव्याची, आटलेल्या साखरेची चव असते. म्हणून माझे मत डुबेललाच आहे.

हॉप्सप्रेमी, पुणे : सिरपाचा मुद्दा पटला. तरीही एर्व्हचे कोवळे, सौम्य वडीवजा तुकडेही मिळतात. त्यांच्यासोबत साधी आयपीए कडू लागेल असे मला वाटत नाही.

कृष्णाकाठ : आमच्या गावात यातले काहीच मिळत नाही. आमच्याकडे चाखण्याला डब्यातल्या चीजचे चौकोनी तुकडे, वर मिरपूड, आणि दुकानात बहुतेक स्ट्राँग बिअर. ही जोडी मला नेहमी जड वाटते. यात काही सुधारता येईल का?

द्राक्षबाग, नाशिक : वाइनची बाजू मी मांडते आहे, तरी याचे उत्तर बिअरमध्येच आहे. प्रक्रिया केलेले चीज सौम्य आणि खारट असते, मुरण्याने येणारी खोली त्यात नसते. स्ट्राँग बिअरमधले अल्कोहोल आणि गोडसरपणा त्याच्यावर स्वार होतात. त्याच दुकानातली साधी, ५ टक्क्यांच्या आतली लागर चांगली थंड करून घ्या. मिरपूड ठेवा, ती लागरसोबत छान लागते.

मुलुंडकर : प्रमाण, तापमान आणि क्रम यांबद्दल कोणी सांगेल का? आणि एक पाहुणे स्टिल्टन हे निळ्या बुरशीचे चीजही आणणार आहेत.

लिएजवासी : आठ जणांना प्रत्येक चीज माणशी ३० ग्रॅम, म्हणजे २५० ग्रॅमच्या आसपास पुरे. ३३० मिलीच्या तीन बाटल्या आठ जणांत वाटल्या की प्रत्येकाला १२० मिली येते, तेव्हा प्रत्येक प्रकाराच्या तीनच बाटल्या आणा. क्रम ब्री, चेडर, एर्व्ह असाच ठेवा, कारण एर्व्हनंतर ब्रीची चवच लागत नाही. गव्हाची बिअर ५ ते ६ अंशांवर, पेल एल ८ ते १० आणि डुबेल १० ते १२ अंशांवर द्या. डुबेल बर्फगार दिली तर तिची गोडी झोपते आणि फक्त अल्कोहोल जाणवते. चीज इथे तासभर आधी बाहेर काढतात, मुंबईच्या उकाड्यात अर्धा तास भरपूर झाला. एर्व्ह कापताना नाकाला अमोनिया झोंबला तर साल खरवडून टाका. आतलेही झोंबत असेल तर ते मांडू नका.

स्टिल्टन शेवटी ठेवा आणि त्याला बार्ली वाइन द्या. नावात वाइन असली तरी ती दाट, गोडसर, ८ ते १२ टक्क्यांची बिअरच आहे. ती मिळाली नाही, तर गोडसर इंपीरियल स्टाउट.

द्राक्षबाग, नाशिक : इथे मात्र मी हटणार नाही. स्टिल्टनला पोर्ट आणि तसल्याच रोकफोर चीजला सोतर्न, दोन्ही गोड वाइन. निळ्या बुरशीच्या चीजमधले मीठ पेलायला जी भरघोस गोडी लागते, ती पोर्टमध्ये बार्ली वाइनपेक्षा बरीच जास्त असते आणि वर हॉप्सचा कडवटपणाही नसतो.

लिएजवासी : पोर्टमध्ये बुडबुडे नाहीत आणि स्टिल्टन चेडरइतकेच स्निग्ध आहे, तिसऱ्या घासापर्यंत जीभ जड होते, हा माझा आक्षेप कायम आहे. मुलुंडकर, दोन्ही बाटल्या ठेवा, एकाच तुकड्यावर दोन्हींचा घोट घ्या आणि आठ जणांचा कौल इथे लिहा.