मदत हवी आहे: नाकाच्या पडद्याला भोक, बटण बसवावं का?

मंडळी, आम्ही इंदूरचे. यांच्या नाकाच्या पडद्याला पुढच्या बाजूला लहानसं भोक आहे. रात्री श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजते, खपल्या धरतात आणि ओढून काढल्या की रक्त येतं.

नाकाचं ऑपरेशन कधी झालेलं नाही. सांवेर रोडला क्रोम प्लेटिंगचं काम करतात, टाकीवरची आम्लाची वाफ पडदा खाते असं डॉक्टर म्हणाले. तरी रक्तवाहिन्यांच्या सुजेचा आजार नाही ना, म्हणून रक्ताची एएनसीए तपासणी करवली. ती निगेटिव्ह आली.

सध्या मिठाच्या पाण्याने नाक धुऊन मलम लावतात. त्याने खपल्या मऊ होऊन सुटतात, रक्तही कमी झालं, पण शिट्टी तशीच. मलमाने भोक थोडंच बुजणार! डॉक्टर सिलिकॉनचं बटण सुचवतात: दोन्हीकडे एकेक चकती, मध्ये दांडी, जागा बधिर करून बसवतात. टाके घालून बुजवायचं ऑपरेशन नंतरही करता येईल म्हणे.

कुणी बटण बसवलंय का? त्याच्या कडेने खपल्या धरतात का, किती दिवसांनी बदलावं लागलं? आणि काम तेच राहिलं तर भोक वाढून बटण सैल होतं का? यांना काम सोडवत नाही हो.